उपवासाला पोट भरेल आणि खिशाला परवडेल असं काय करायचं: साबुदाणा, वरई आणि शिंगाडा

उपवास नवीन नवीन धरणाऱ्यांची तक्रार एकच असते, सकाळी दहाला प्लेटभर खिचडी खाल्ली आणि साडेबाराला परत पोटात कावळे ओरडायला लागले. मग वेफर्स, मग चहा, मग बाहेरून साबुदाणा वडा, आणि संध्याकाळी हिशोब केला तर रोजच्या डब्याच्या दुप्पट पैसे गेलेले आणि वर अॅसिडिटी. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. हा लेख त्यांच्यासाठी जे घरापासून लांब रूमवर राहतात, किंवा लग्नानंतर पहिल्यांदाच उपवासाचं स्वतःचं स्वतः बघतायत, एक गॅस, एक कढई, एक तवा आणि मिक्सर एवढं आहे असं धरून चालू.

आधी बघा उपवास सुटणार कधी

खरेदीच्या आधी हे ठरवा कारण सगळं गणित याच्यावर आहे. श्रावणी सोमवार बहुतेक घरांत संध्याकाळी सुटतो, म्हणजे तुम्हाला फक्त दुपारपर्यंतची सोय बघायची, रात्री वरणभात आहेच. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत थांबायचं, तो साधारण रात्री साडेआठ ते दहाच्या मधे कधीतरी असतो, कॅलेंडरवर गावाप्रमाणे वेळ दिलेली असते, म्हणजे खरी भूक लागते ती संध्याकाळी सहा ते नऊमधे आणि तिथेच लोक फरसाणाच्या दुकानात जाऊन उपवासाचा चिवडा घेऊन येतात. एकादशी आणि महाशिवरात्र हे पूर्ण दिवसाचे, दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतात, म्हणजे दोन जेवणं आणि मधलं खाणं सगळं उपवासाचंच लागणार. नवरात्रात नऊ दिवस धरणारे वेगळे, त्यांना रोज साबुदाणा झेपतच नाही, तिसऱ्या दिवशी पोट बोलायला लागतं.

दुसरं म्हणजे तुमच्या घरात काय चालतं ते आईला नाहीतर सासूबाईंना एक फोन करून विचारून घ्या. जिरं, हिरवी मिरची, बटाटा, रताळं, दाणे, दूध-दही-तूप हे जवळपास सगळीकडे चालतं. हळद, मोहरी, हिंग चालत नाही (डबीतल्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). कोथिंबीर, लाल तिखट, काकडी, आमसूल की चिंच यावर मात्र दर दोन घरांमागे एक वेगळा नियम आहे, काही घरांत वरई पण चालत नाही. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आपल्याकडचं जे असेल ते करा. सैंधव मीठ आपल्याकडे सक्तीचं नसतं, साधं मीठ बहुतेक घरी चालतं, त्यामुळे तेवढ्यासाठी महागडी पुडी आणायची गरज नाही.

खरेदी दाण्यांपासून सुरू करा, साबुदाण्यापासून नाही

सगळे जातात आणि आधी साबुदाणा घेतात. साबुदाणा स्वस्त आहे, बरोबर, पण तो म्हणजे टॅपिओका नावाच्या कंदाचा स्टार्च, तामिळनाडूत सेलम भागात त्याचे कारखाने आहेत, कंद वाटून त्याचा स्टार्च खाली बसवतात आणि त्याचे गोळे करून भाजून वाळवतात. १०० ग्रॅम साबुदाण्यात ३५० च्या आसपास कॅलरी असतात पण प्रोटीन १ ग्रॅम सुद्धा नाही आणि फायबर तर नावालाच. म्हणून तो लगेच पचतो, लगेच ताकद आल्यासारखी वाटते आणि तितक्याच लगेच परत भूक लागते. खिचडी टिकते ती त्यातल्या दाण्याच्या कुटामुळे, शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे आणि वर भरपूर तेल, तेच पोटात वेळ काढतं. हॉटेलवाले नेमका कूटच कमी घालतात आणि वरून चार दाणे टाकतात, त्यामुळे बाहेरची खिचडी घरच्यापेक्षा लवकर उतरते.

तेव्हा एका माणसाला महिन्याच्या दोन एकादशा आणि एक संकष्टी धरून अर्धा किलो दाणे आणा. कच्चेच आणा, तयार कूट नको, तयार कुटात खवट दाणे खपवलेले कळत नाहीत. घरी आल्यावर एक दाणा चावून बघा, कडवट किंवा जुन्या तेलासारखी चव आली तर परत करा. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे निवडून टाकून द्या, ते भाजून पण खायचे नाहीत, त्यात काटकसर नको.

दाणे भाजायचे ते मंद आचेवर, जाड कढईत, १० ते १२ मिनिटं, सतत हलवत. मोठ्या आचेवर बाहेरून डाग पडतात आणि आतून कच्चे राहतात, मग आमटीला कच्चट वास येतो. साल हाताने चोळून सुटायला लागली की झाले. पूर्ण गार होऊ द्या आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, सलग फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो. कूट जरा भरड हवा, रव्यापेक्षा जाड. घट्ट डब्यात फ्रीजमधे दोन-तीन आठवडे आरामात राहतो. हे एक काम आदल्या रविवारी करून ठेवलं की उपवासाच्या सकाळी निम्मं काम झालेलं असतं.

मुख्य जेवण वरईचं ठेवा

वरई, वरी, वऱ्याचे तांदूळ, भगर, जिथले तिथले शब्द, दुकानदाराला कुठलाही सांगितला तरी कळतं. विदर्भ-मराठवाडा-खानदेशात भगर, पुण्या-मुंबईकडे वरई. बारीक भरडधान्याचे हे दाणे, १०० ग्रॅमला साधारण ६ ते १० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे साबुदाण्यापेक्षा कितीतरी बरं, आणि भातासारखी शिजते त्यामुळे जेवल्यासारखं वाटतं, हा मोठा फायदा. नवीन उपवासवाल्याला चमच्याने खिचडी खाऊन 'जेवण झालं' असं मनाला पटत नाही, वरईवर आमटी ओतून कालवून खाल्लं की पटतं.

विकत घेताना एक गोष्ट फार महत्त्वाची. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाशिवरात्र, एकादशी, नवरात्राच्या आसपास वारंवार येतात, त्या खोट्या नसतात. भगर ओलसर हवेत राहिली की तिला बुरशी लागते आणि काही बुरश्या विष तयार करतात, ते शिजवून पूर्ण जाईलच असं नाही. भगरीच्या पिठात धोका जास्त कारण पीठ ओलावा पटकन धरतं आणि बुरशी डोळ्याला दिसत नाही. म्हणून सुटी भगर आणि भगरीचं सुटं पीठ घ्यायचं नाही, पाकीटबंद घ्यायचं, तारीख बघायची, मागच्या नवरात्रातलं उरलेलं पाकीट या महाशिवरात्रीला काढायचं नाही. पीठ लागलंच तर पाकिटातली वरई स्वच्छ कोरडी बघून आपल्याच मिक्सरमधे लागेल तेवढीच दळायची आणि त्याच दिवशी संपवायची. दाणे हातात घेऊन बघा, मोकळे, एकसारखे, फिकट पांढरट पिवळे असले पाहिजेत. गुठळ्या, काळे ठिपके किंवा दमट वास असेल तर सरळ कचऱ्यात. शिजवलेली वरई पण सकाळची रात्रीपर्यंत बाहेर ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात.

आता करायचं कसं. वाटी म्हणजे साधी आमटीची वाटी, १५० मिली धरा. दोन माणसांना एक वाटी वरई पुरते, ती फुगते भरपूर, पहिल्यांदा करणारे दोन वाट्या टाकतात आणि मग चार जणांचं होतं. दोन-तीन पाण्यातून धुवायची, पाणी निथळायला १० मिनिटं चाळणीत ठेवायची. कढईत चमचाभर तूप, अर्धा चमचा जिरं, ते तडतडलं की वरई घालून दोन-तीन मिनिटं परतायची, दाणे सुटे झाले पाहिजेत. मग तीन वाट्या उकळतं पाणी आणि मीठ. गार पाणी घातलं तर गुठळी होते. उकळी आली की आच बारीक, झाकण, १० मिनिटं, मग गॅस बंद करून तसंच ५ मिनिटं झाकून. मोकळी आवडत असेल तर पाणी अडीच वाटी, पण डब्यात न्यायची असेल तर तीनच नाहीतर सव्वातीन घाला कारण वरई गार झाली की घट्ट होते, अडीच वाटीवाली दुपारपर्यंत वडीसारखी कापता येते.

आमटी, जिच्यावर सगळा दिवस अवलंबून आहे

माझं मत विचाराल तर उपवासाच्या सगळ्या पदार्थांत स्वस्त आणि भरीव असा हा एकच, दाण्याची आमटी. अर्धी वाटी कूट, एक हिरवी मिरची, अर्धा चमचा जिरं, थोडं पाणी, हे मिक्सरला एकदम गंधासारखं बारीक वाटायचं. कूट तसाच पाण्यात टाकला तर तो खाली बसतो आणि वर पाणी राहतं, तेव्हा वाटणं टाळू नका. कढईत तूप जिऱ्याची फोडणी, त्यात वाटण घालून मिनिटभर परतायचं, मग दोन वाट्या पाणी, तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. घरात चालत असेल तर एखादी लवंग.

इथे एकदा उभं राहून बघायला लागतं. पहिली पाच मिनिटं काही होत नाही, आणि मग एकदम दुधासारखा फेस वर येतो आणि गॅसवर सांडतो, तेव्हा भांडं खोल घ्या आणि आच मध्यमच्या खाली ठेवा, पळी आत ठेवून ढवळत राहा. फेस हळूहळू जिरतो, आमटीचा रंग पांढरट होता तो जरा बदामी होतो आणि कडेला तुपा-तेलाचे बारीक बारीक थेंब दिसायला लागतात. ते दिसले म्हणजे दाणे नीट शिजले, तोपर्यंत उतरवू नका. साधारण ८-१० मिनिटं लागतात. अर्धवट उकळलेली आमटी खाल्ली की दुपारभर ढेकर येतात आणि दोष वरईला जातो. आमसूल शेवटी घातलं तरी चालतं, फक्त जास्त घालू नका, रिकाम्या पोटी आंबट बाधतं.

आमटी ठेवून ठेवून घट्ट होत जाते, डब्यात नेणार असाल तर अर्धी वाटी पाणी जास्त घालून पातळच न्या.

साबुदाणा सोडायचा नाही, पण निम्म्यावर आणायचा

साबुदाणा दोन प्रकारचा दिसेल, एक साधा पांढरा अपारदर्शक, तो खिचडी-वड्याला, आणि दुसरा नायलॉन साबुदाणा, तो तळून चिवड्याला. नायलॉनची खिचडी होत नाही, पाकिटावर वाचून घ्या. साधा घेताना पाकिटाच्या तळाशी भुकटी किती आहे ते बघा, पीठ खूप दिसलं तर तो भिजवताना लगदा होणार.

खिचडी चिकट होण्याचं कारण दहात नऊ वेळा भिजवण्यात असतं. आदल्या रात्री साबुदाणा हाताने हलकेच चोळत तीन वेळा धुवा, पांढरं पाणी जायला पाहिजे, तेच पीठ पुढे चिकटतं. मग सगळं पाणी काढून टाका आणि एका वाटीला दोन-तीन चमचे पाणी वर शिंपडून, झाकण ठेवून रात्रभर तसंच. जुना कोरडा साबुदाणा असेल तर पाणी दाण्यांच्या पातळीपर्यंत ठेवायला लागतं, पण त्याच्यावर नाही. सकाळी एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबा, सहज चपटा झाला आणि मधे कडक टिपका नाही लागला तर झाला. मधे टिपका लागतोय तर हातावर पाणी घेऊन शिंपडा आणि अर्धा तास थांबा. दाबल्यावर बोटाला पेस्ट लागतीये तर पाणी जास्त झालंय, ताटात फडक्यावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवा, बऱ्यापैकी सुधारतो.

करताना एक वाटी साबुदाण्याला (कोरडा मोजलेला) एक वाटी कूट घ्या. रेसिपीत अर्धी वाटी लिहिलेलं असतं पण आपल्याला टिकणारी खिचडी हवीये. भिजलेल्या साबुदाण्यात कूट, मीठ आणि चिमूटभर साखर आधीच हाताने कालवून ठेवा, प्रत्येक दाण्याला कूट लागला की ते एकमेकांना चिकटत नाहीत. कढईत दीड-दोन चमचे तूप, जिरं, मिरची, एका बटाट्याच्या पातळ काचऱ्या, बटाटा शिजला की साबुदाणा, मध्यम आचेवर उलथण्याने खालून वर करत चार-पाच मिनिटं, दाणे काचेसारखे दिसायला लागले की थांबायचं. झाकण एखाद मिनिटच, जास्त वाफ कोंडली की परत गोळा. हे दोघांचं झालं, आणि बरोबर वाटीभर दही घ्या, दह्याने खिचडी जास्त वेळ टिकते आणि घशाला कोरड पण पडत नाही.

पैशाचं सांगायचं तर वरच्या खिचडीत १२० ग्रॅम साबुदाणा, ८० ग्रॅम दाणे, एक बटाटा, तूप. साबुदाणा ८० रुपये किलो आणि दाणे १६० रुपये किलो धरले तर ते दोन मिळून २३ रुपये, बटाटा आणि तूप-मिरची १५ रुपये, म्हणजे दोघांत ४० च्या आत. एवढ्यात बाहेर एक प्लेट सुद्धा मिळेल न मिळेल. भाव तुमच्या गावचे घाला, श्रावण आणि नवरात्राच्या आठवड्यात ते चढतात त्यामुळे दाणे आणि साबुदाणा दोन आठवडे आधी घेतलेला बरा.

शिंगाडा महाग आहे, म्हणून कुठे वापरायचा ते ठरवून वापरा

शिंगाडा तळ्यात होतो, आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या तलावांत त्याचं पीक घेतात, सोलून वाळवून दळला की शिंगाड्याचं पीठ. साबुदाण्याच्या तिप्पट-चौपट भाव असतो त्यामुळे त्याचा शिरा करून (पिठाच्या निम्मं तूप लागतं त्याला) मोकळं होऊ नका, शिरा सणाला ठीक आहे. रोजच्या उपवासाला शिंगाड्याची जागा थालीपिठात, कारण थालीपीठ भाकरीसारखं लागतं, डब्यात नेता येतं आणि एका माणसाला दोन बास होतात.

पाव किलोच्या वर घेऊ नका, पीठ महिना-दीड महिन्यात कडवट व्हायला लागतं. आणल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवून बघा, किंचित गोडसर पाहिजे. उत्तरेकडे याला सिंघाड्याचा आटा म्हणतात आणि दुकानात त्याच्या शेजारीच कुट्टूचा आटा ठेवलेला असतो, तो वेगळा, गडबड करू नका.

दोघांसाठी एक वाटी शिंगाडा पीठ, एक मोठा उकडलेला बटाटा किसून, तीन चमचे कूट, मिरची-जिऱ्याचा ठेचा, मीठ. शिंगाड्याला गव्हासारखी चिकाटी अजिबात नसते, नुसतं पीठ पाण्यात भिजवून थापायला गेलात तर कडा फाटतात आणि उलटताना तुकडे होतात, बटाटा हाच त्याचा डिंक. आणि म्हणून आधी बटाटा-पीठ कोरडंच कालवा, मग चमचा चमचा पाणी, कारण बटाट्यातच पाणी असतं आणि एकदम ओतलं की पीठ हाताला फेविकॉलसारखं बसतं. गोळा मऊ पण थापता येईल असा हवा.

गार तव्यावर तूप लावून ओल्या हाताने थेट तव्यावरच थापा, मधे बोटाने एक भोक, मग गॅस लावा. नवीन माणसाने प्लास्टिकवर थापून तव्यावर टाकायच्या भानगडीत पडू नये, अर्धी थालीपिठं त्यातच मोडतात. भोकात आणि कडेने तूप सोडून झाकण, मंद-मध्यम आच, चार मिनिटं. उलथणं घालून बघा, आपोआप सुटत असेल तरच उलटा, चिकटतंय म्हणजे अजून व्हायचंय, खरवडू नका. शिंगाड्याचा रंग पटकन लालसर-तपकिरी होतो त्यामुळे रंग बघून फसू नका, बाहेरून झालेलं दिसतं आणि आत कच्चं असतं, वेळ बघा. दुसऱ्या थालीपिठाला तवा पाण्याचा हबका मारून गार करून घ्यायचा.

पीठ अजून पुरवायचं असेल तर निम्मा शिंगाडा आणि निम्मं घरी दळलेलं वरईचं पीठ, चव जरा बदलते, खर्च खाली येतो. राजगिऱ्याचं पीठ मिळत असेल तर ते पण चालतं, प्रोटीनला राजगिरा या सगळ्यांत बरा (१०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम) आणि बहुतेक ठिकाणी शिंगाड्यापेक्षा स्वस्त.

आषाढी एकादशी, ऑफिसचा दिवस, दोन जणी

माझ्या बहिणीने तिच्या रूममेटबरोबर पहिली एकादशी धरली तेव्हा तिला फोनवर हाच प्लॅन लिहून दिला होता, तो तसाच देते.

आदल्या रात्री कूट तयार, बटाटे आणि अर्धा किलो रताळी एका कुकरमधे उकडून फ्रीजमधे, दही लावलेलं. सकाळी साडेआठला राजगिऱ्याच्या लाह्या गरम दुधात आणि एक केळं, आधी हे, मग चहा. रिकाम्या पोटी चहा-कॉफीने बऱ्याच जणांना जळजळ होते आणि साबुदाण्याला उगाच शिव्या बसतात. दुपारी दीडला डब्यात वरई आणि आमटी. साडेपाचला उकडलेलं रताळं, मीठ-जिरेपूड लावून, आणि ग्लासभर ताक. रात्री साडेआठला शिंगाड्याची दोन दोन थालीपिठं आणि दही, बास. भूक वाटलीच तर झोपताना कपभर दूध.

हिशोब दोघींचा: वरई १२५ ग्रॅम १८ रुपये, दाणे दिवसभराचे १५० ग्रॅम २४, बटाटे १०, रताळी ३०, दही-ताकाचं ४०, शिंगाडा पीठ १०० ग्रॅम २८, दूध अर्धा लिटर ३०, केळी २०, लाह्या १५, तूप-मिरची-आमसूल-गूळ २०. झाले २३५, म्हणजे माणशी १२० च्या आत पूर्ण दिवस. यात साबुदाणा नाहीच हे लक्षात आलं असेल. तो हवा असेल तर रात्रीच्या थालीपिठाच्या जागी नाही, सकाळच्या लाह्यांच्या जागी ठेवा, थोडीशी खिचडी आणि दही, कारण पुढे पाच तासांत वरई येणार आहेच. रात्री खिचडी खाऊन झोपलं की पहाटे भुकेने जाग येते असं त्या दोघींचं म्हणणं.

संकष्टी असेल तर यातलं साडेपाचचं रताळं सहा-साडेसहाला सरकवा आणि थालीपिठं काढून टाका, चंद्रोदयानंतर जेवण आहेच. सोमवारी संध्याकाळी सोडणार असाल तर नुसती वरई-आमटी दुपारी, सकाळी दूध-केळं, संपलं, माणशी ५०-६० रुपयांत होतं. त्या दिवशी शिंगाडा आणायचीच गरज नाही.

पाणी मात्र घड्याळ लावून प्या. रोज भाजी-वरण-आमटीतून जे पाणी जातं ते उपवासाला जात नाही आणि दाणे-बटाटा दोन्ही कोरडे, दुसऱ्या दिवशी पोट साफ होत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. रताळं सालासकट खाल्लं तर मदत होते, माती नीट घासून धुवायची फक्त.

डायबेटिस असेल, बीपीची किंवा साखरेची गोळी, इन्सुलिन चालू असेल, गरोदर असाल तर साबुदाणा, बटाटा आणि रताळं एकाच दिवशी असा बेत करू नका आणि गोळीच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे-मागे करू नका. हात थरथरायला लागले, घाम आला, गरगरलं तर लगेच गूळ-साखर तोंडात टाका, तिथे उपवास मोडला का राहिला हा प्रश्न नसतो. ज्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्यांना हा सगळा बेत चालणार नाही, त्यांनी दही, दूध, राजगिरा आणि ओलं खोबरं यावर भर द्यावा.

उरलेल्याचं काय? भिजवलेला साबुदाणा फ्रीजमधे एक दिवस राहतो, दुसऱ्या दिवशी बटाटा-कूट घालून त्याची थालीपिठं, उपवास असो नसो. उरलेली वरई गार झाल्या झाल्या फ्रीजमधे आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवायची, त्यात ताक, मीठ, मिरची घालून दहीभातासारखी, किंवा दोन चमचे शिंगाडा पीठ मिसळून तव्यावर धिरडी. आमटी उरत नाही सहसा, उरली तर पाणी घालून परत चांगली उकळा, आणि वास जरा जरी बदललेला वाटला तर तोंडाला लावून बघायच्या फंदात न पडता ओतून द्या.